६२, ५४, ३४, १५: चार गोषवारे आणि एक तक्ता

एका अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. दुसऱ्यात ५४ टक्क्यांनी, तिसऱ्यात ३४ आणि चौथ्यात जेमतेम १५ टक्क्यांनी. चारही अभ्यास दक्षिण आशियातल्या खेड्यांतले, चारही ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले. वरवर पाहता चौघांची कल्पनाही एकच: गावपातळीवरच्या कार्यकर्तीला प्रशिक्षण द्यायचे आणि तिने घरोघरी जाऊन बाळबाळंतिणीकडे लक्ष द्यायचे. मग फळात चौपट फरक कसा पडला?

हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या दुसऱ्याच प्रकरणात गाठतो. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ असे त्या प्रकरणाचे नाव असते आणि त्याची तयारी बहुधा मोबाइलमध्ये साठलेली असते. ग्रंथालयातून बांधीव अंक घरी नेता येत नाहीत आणि झेरॉक्सच्या रांगेत उभे राहायला वेळ नसतो, म्हणून लेखाच्या पहिल्या पानावरच्या गोषवाऱ्याचा, म्हणजे ॲबस्ट्रॅक्टचा, फोटो काढून काम भागवले जाते. महिनाभरात असे चाळीस-पन्नास फोटो जमतात आणि गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळून जातात. पुढे लिहायला बसल्यावर एकेक फोटो उघडून एकेक परिच्छेद लिहिला जातो: अमुक यांना असे आढळले, तमुक यांना तसे आढळले. वाचणाऱ्या परीक्षकाच्या हाती यादी येते. तुलना कुठेच नसते.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील ज्युडिथ गॅरार्ड यांनी १९९९ साली आरोग्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘मॅट्रिक्स पद्धत’ मांडली. प्रत्येक अभ्यासाला एक आडवी ओळ द्यायची, प्रत्येक अभ्यासाला विचारायच्या प्रश्नांना उभे रकाने करायचे आणि मगच लिहायला घ्यायचे. किमान रकाने चार: उद्दिष्ट, पद्धत, नमुना आणि काय आढळले. आडवे वाचले की एक अभ्यास कळतो, उभे वाचले की सगळे अभ्यास एकमेकांशेजारी दिसतात. पद्धत दोन वाक्यांत सांगून संपते, पण खाने भरताना खरी कसोटी लागते. वर सांगितलेले चार अभ्यास त्यासाठी चांगले उदाहरण आहेत. त्यांतला पहिला आपल्या गडचिरोलीचा आहे.

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांचा हा लेख १९९९च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटच्या ३५४व्या खंडात पृष्ठ १९५५ पासून छापला गेला. दुसरा अभ्यास बांगलादेशातल्या सिल्हेटचा. अब्दुल्ला बाकी आणि सहकाऱ्यांचा तो लेख २००८ मध्ये ३७१व्या खंडात पृष्ठ १९३६ पासून आला. तिसरा त्याच वर्षीचा, उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा, विश्वजीत कुमार आणि सहकाऱ्यांचा. चौथा पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या हाला भागातला, झुल्फिकार भुट्टा आणि सहकाऱ्यांचा, २०११ सालचा.

यातल्या पृष्ठक्रमांकांकडे जरा पाहावे. १९५५ आणि १९३६. फोटोत गोषवारा आला, पण पानाच्या कडेची खंड-वर्षाची ओळ कापली गेली, तर कोपऱ्यातला ‘१९५५’ हा आकडा सहा महिन्यांनी बघणाऱ्याला बेधडक प्रकाशनवर्ष वाटू शकतो. म्हणून फोटो काढतानाच पानाच्या चारही कडा चौकटीत घ्याव्यात. नियतकालिकाचे नाव, खंड, तारीख आणि पृष्ठ ही माहिती बहुतेक अंकांत पानाच्या माथ्याशी किंवा तळाशी बारीक अक्षरांत असते. तिथे नसेल तर अंकाच्या मुखपृष्ठाचा एक फोटो आधी काढावा आणि लगेच गोषवाऱ्याचा, म्हणजे गॅलरीत दोन्ही एकापाठोपाठ राहतात. गोषवारा पुढच्या पानावर गेला असेल तर तेही पान हवेच, कारण आकडे बहुधा उत्तरार्धातच असतात.

बांधीव अंकाचे पान शिवणीकडे वळते आणि त्या वळणात ओळींची टोके अस्पष्ट होतात. पान हलक्या हाताने सपाट धरावे, मोबाइल पानाला समांतर ठेवावा, प्रकाश बाजूने यावा. गुळगुळीत कागदावर डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका आकड्यांवर पडतो. फोटो मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि दशांशचिन्हासारखी बारीक खूण पुसट होते. त्याच दिवशी फाइलला ओळखता येईल असे नाव द्यावे, उदाहरणार्थ `1999_Bang_Lancet_354_1955.jpg`. हेच नाव पुढे तक्त्याच्या पहिल्या रकान्यात जाते. एखाद्या आकड्याबद्दल शंका आली की मूळ फोटो क्षणात सापडतो.

फोटोतला मजकूर हाताने उतरवण्याऐवजी आता बरेच जण गुगल लेन्स किंवा गुगल ड्राइव्हसारख्या सोयीने तो अक्षरांत बदलून घेतात. शब्दांसाठी हे बऱ्यापैकी चालते. आकड्यांसाठी मात्र सावध राहावे लागते आणि लॅन्सेटच्या बाबतीत तर विशेषच. या नियतकालिकात दशांशचिन्ह ओळीच्या तळाशी न छापता मध्यावर छापण्याची रीत आहे: `25·5`. यंत्राला हा मधला ठिपका कधी दिसतच नाही आणि २५.५चे २५५ होतात. कधी त्याला तो आडवी रेघ वाटतो. गडचिरोलीच्या गोषवाऱ्यात एका नवजात बाळामागे ५.३ डॉलर खर्च आल्याचे म्हटले आहे. त्याचे `5-3` झाले आणि ते एक्सेलच्या खान्यात चिकटवले, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते, ५ मार्च! चिकटवण्याआधी रकान्याचे स्वरूप `Text` केले की ही गंमत टळते, पण रेघेचा पुन्हा ठिपका करायचे काम माणसालाच करावे लागते. मजकूर दोन स्तंभांत छापलेला असेल तर यंत्र कधी कधी डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडते. अशा वेळी वाक्य व्याकरणात बसत नाही, त्यामुळे ही चूक चटकन दिसते. सुटलेला ठिपका तसा दिसत नाही.

तो पकडायला साधी आकडेमोड पुरते. सिल्हेटच्या गोषवाऱ्यात शेवटच्या सहा महिन्यांतले नवजात मृत्युदर दिले आहेत: घरभेटी झालेल्या गटात हजार जिवंत जन्मांमागे २९.२ आणि तुलनेच्या गटात ४३.५. त्यांचा भागाकार ०.६७ येतो, म्हणजे ३३ टक्के घट. गोषवारा ३४ टक्के म्हणतो. एका टक्क्याचा फरक वाचनातल्या चुकीचा नाही. लेखकांनी दिलेले ०.६६ हे गुणोत्तर गटांमधले इतर फरक हिशेबात धरून काढलेले आहे, तसे गोषवाऱ्यातच लिहिले आहे. हालाच्या अभ्यासात ४३.० आणि ४९.१ यांवरून साधी घट १२ टक्के निघते, तर छापलेले गुणोत्तर ०.८५, म्हणजे १५ टक्के घट. इतके थोडे अंतर सांख्यिकी दुरुस्त्यांमुळे पडू शकते. भागाकार दहापट चुकला किंवा उलटाच आला, तर मात्र फोटो पुन्हा उघडावा.

गडचिरोलीचा हिशेब आणखी काही शिकवतो. सुरुवातीला तिथल्या कार्यक्षेत्रात हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते आणि तिसऱ्या वर्षी २५.५. वजाबाकी करून भागले की घट ५९ टक्के येते. छापलेला आकडा ६२.२ टक्के आहे. हे तीन टक्के कुठून आले? उत्तर गोषवाऱ्यातल्या ‘निव्वळ घट’ या शब्दांत आहे. तुलनेच्या गावांत मृत्युदर कमी झाला नाही, उलट किंचित वर गेला. कार्यक्षेत्रातली घट आणि तुलनेच्या भागातली वाढ असे दोन्ही धरून निव्वळ घट काढली आहे. म्हणून तक्त्यात नुसते ‘६२ टक्के’ लिहिणे अपुरे ठरते. ‘तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने निव्वळ घट’ एवढे शब्द आकड्यासोबत गेलेच पाहिजेत. त्यातही तो सुरुवातीचा ६२ आणि शेवटचा ६२ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक हजारी दर आहे आणि दुसरी टक्केवारी. एकाच खान्यात दोन्ही आले की गोंधळाला निमंत्रणच.

आता चार रकाने.

उद्दिष्टाचा रकाना बहुतेक जण आळसाने भरतात. चारही ओळींत ‘नवजात मृत्यू कमी करणे’ असे लिहिले तर खोटे काहीच नसते, पण मग त्या रकान्याचा उपयोगही काही नसतो. गोषवाऱ्याच्या सुरुवातीची दोन-तीन वाक्ये नीट वाचली की चौघांचे प्रश्न वेगळे होते हे दिसते. गडचिरोलीचा प्रश्न होता: घरीच काळजी घेऊन, आणि जंतुसंसर्गावर, म्हणजे सेप्सिसवर, गावातच उपचार करून मृत्यू टळतात का? शिवगडमध्ये उपचारांवर भर नव्हता. स्वच्छ बाळंतपण, नाळेची निगा, बाळाला उराशी धरून ऊब देणे, स्तनपान आणि धोक्याच्या खुणा ओळखणे अशा सवयी बदलून काय साधते, हे तिथे तपासायचे होते. सिल्हेटला दोन मार्गांची तुलना हवी होती: कार्यकर्तीने घरी जाणे आणि नुसत्या गटसभा घेणे. हालाचा प्रश्न सर्वांत व्यवहारी होता. सरकारच्या आधीपासून असलेल्या लेडी हेल्थ वर्कर आणि गावच्या दाया यांच्यामार्फत हे काम होते का? एकदा हे वेगळेपण लिहून ठेवले की चौपट फरकाचे अर्धे कोडे इथेच सैल होते.

पद्धतीच्या रकान्यात लेखकांनी वापरलेला शब्द जसाच्या तसा घ्यावा आणि शेजारी स्वतःचे स्पष्टीकरण जोडावे. सिल्हेट, शिवगड आणि हाला येथे गावांच्या समूहांची वाटणी सोडत पद्धतीने, संशोधनाच्या भाषेत यादृच्छिक पद्धतीने, झाली. गडचिरोलीचा लेख स्वतःला ‘क्षेत्रीय चाचणी’ म्हणवतो. ३९ गावे कार्यक्षेत्रासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली, असे गोषवारा सांगतो. सोडतीचा उल्लेख त्यात नाही. अशा वेळी खान्यात ‘यादृच्छिक नाही’ असे ठासून लिहिण्याऐवजी ‘गोषवाऱ्यात सोडतीचा उल्लेख नाही, मूळ लेखात पाहणे’ असे लिहावे आणि खाना पिवळा करून ठेवावा. मूळ लेखातून खात्री झाली की पिवळा रंग काढायचा. गोषवारा ज्याबद्दल गप्प आहे ते आपल्या अंदाजाने भरणे ही या सगळ्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढे तो अंदाज आणि छापील माहिती एकाच टाइपात शेजारी उभी राहते.

नमुन्याच्या रकान्यात तर सापळाच आहे. गडचिरोलीत ३९ गावे, शिवगडमध्येही ३९. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही अभ्यास सारख्या आकाराचे वाटतील. गडचिरोलीची ३९ ही फक्त कार्यक्षेत्रातली गावे आहेत, लोकसंख्या सुमारे ३९ हजार, आणि तुलनेची ४७ गावे निराळी. शिवगडची ३९ ही ग्रामप्रशासनाची एकके आहेत, सगळी मिळून लोकसंख्या १,०४,१२३, आणि ती १३-१३ अशा तीन गटांत वाटलेली. सिल्हेटचा समूह त्याहून फार मोठा: सुमारे वीस हजार वस्तीचा एक, असे २४ समूह, प्रत्येक गटात आठ. तेव्हा ‘नमुना’ या खान्यात एकच आकडा कधीच पुरत नाही. किती समूह, प्रत्येक गटात किती आणि मोजणी कशाची, हे तिन्ही लागते. सिल्हेटच्या गोषवाऱ्यात घरभेटींच्या गटात ३६,०५९ सहभागी आणि १४,७६९ जिवंत जन्म असे दोन आकडे आहेत. नवजात मृत्युदर जिवंत जन्मांवर काढतात, म्हणून तुलनेसाठी दुसरा आकडा कामाचा. त्यातही २९.२ हा दर तीस महिन्यांच्या कामापैकी फक्त शेवटच्या सहा महिन्यांचा आहे आणि त्या सहा महिन्यांत जन्म किती झाले ते गोषवारा सांगत नाही. हाही खाना पिवळा.

‘काय आढळले’ या रकान्यासाठी लॅन्सेटची मांडणी मदतीला येते. तिथला गोषवारा ‘पार्श्वभूमी, पद्धती, निष्कर्ष, अन्वयार्थ’ अशा मथळ्यांत छापतात. तक्त्यात तिसऱ्या मथळ्याखालचे आकडे घ्यायचे. चौथ्याखाली लेखकांचे मत असते. त्यासाठी हवा तर वेगळा रकाना करावा, पण दोन्ही एकत्र करू नयेत. मथळे नसलेले गोषवारे, जे समाजशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात सर्रास भेटतात, त्यांत ही रेघ वाचणाऱ्यानेच मारायची असते. आकडा किंवा निरीक्षण असलेले वाक्य एकीकडे, ‘यावरून असे सुचते’ प्रकारचे वाक्य दुसरीकडे.

भरलेला तक्ता साधारण असा दिसतो:

| अभ्यास | उद्दिष्ट | पद्धत | नमुना | काय आढळले |
|---|---|---|---|---|
| गडचिरोली, १९९९ | घरगुती नवजात काळजी आणि सेप्सिसवर गावातच उपचार | क्षेत्रीय चाचणी. सोडतीचा उल्लेख नाही | ३९ कार्यक्षेत्रातील व ४७ तुलनेची गावे | तिसऱ्या वर्षी दर २५.५, निव्वळ घट ६२.२ टक्के |
| सिल्हेट, २००८ | घरभेटी आणि गटसभा यांची तुलना | समूहवार सोडत | २४ समूह, तीन गट | शेवटचे सहा महिने: घरभेटींत ३४ टक्के घट, गटसभांत घट नाही |
| शिवगड, २००८ | सवयी बदलणारी प्रतिबंधक काळजी | समूहवार सोडत | ३९ एकके, तीन गट | ५४ टक्के घट. ऊब मोजणारी पट्टी जोडलेल्या गटात ५२ |
| हाला, २०११ | सरकारी कार्यकर्ती व दायांमार्फत काम | समूहवार सोडत | १६ समूह, दोन गट | १५ टक्के घट |

शेवटचा रकाना उभा वाचला की सुरुवातीचा क्रम पुन्हा समोर येतो आणि ‘गडचिरोली पहिली, हाला शेवटची’ असे गुणवत्ता यादीसारखे काहीतरी लिहावेसे वाटते. तो मोह आवरण्यासाठी या रकान्यात आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. संशोधक एका आकड्यासोबत त्याची विश्वासमर्यादा देतात, म्हणजे खरा परिणाम साधारण कुठून कुठपर्यंत असू शकेल ती कक्षा. सिल्हेटच्या ०.६६ साठी ती ०.४७ ते ०.९३ आहे. टक्क्यांत बोलायचे तर घट ७ पासून ५३ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. हालाची कक्षा ४ ते २४ टक्के, शिवगडची ४० ते ६५. सिल्हेटची कक्षा एका बाजूने हालाच्या कक्षेत शिरते आणि दुसऱ्या बाजूने शिवगडच्या. ‘३४ हे १५च्या दुप्पट’ असे छातीठोकपणे लिहिणारा विद्यार्थी त्या दोन आकड्यांना त्यांच्यात नसलेली अचूकता देत असतो. गडचिरोलीच्या गोषवाऱ्यात ही कक्षा नाही, फरक योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी, एवढेच आहे. तिथेही पिवळा रंग.

तक्त्याला हळूहळू पाचवा, सहावा रकाना फुटतो आणि तो फुटलाच पाहिजे. चार रकाने भरून झाल्यावर जो प्रश्न उरतो त्याचाच पुढचा रकाना करायचा. इथे तो प्रश्न असा: ठरवलेले काम प्रत्यक्षात किती बाळांपर्यंत पोचले? गडचिरोलीच्या गोषवाऱ्यात उत्तर आहे. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना घरी काळजी मिळाली. हालाच्या गोषवाऱ्यातही आहे आणि लेखकांनी ते प्रांजळपणे छापले आहे. ठरलेल्या ७,०८४ गटसभांपैकी ४,४२८ झाल्या, आणि १२,०२८ जिवंत जन्मांपैकी फक्त २,९४३ बाळांना कार्यकर्ती भेटू शकली, म्हणजे २४ टक्के. ९३ आणि २४ हे दोन आकडे एका रकान्यात आले की ६२ आणि १५ मधल्या अंतराकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. एका ठिकाणी संस्थेने निवडलेले आणि जवळून देखरेख केलेले मनुष्यबळ होते. दुसरीकडे आधीच पुष्कळ कामे अंगावर असलेली सरकारी कार्यकर्ती होती. ‘घरभेटींचा उपाय हालात कमी पडला’ आणि ‘हालात घरभेटी कमी झाल्या’ ही दोन निराळी विधाने आहेत आणि तक्ता दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्थात बोटच दाखवतो. चार अभ्यासांत याखेरीज दहा फरक असू शकतात, तेव्हा प्रबंधात ‘हे एक संभाव्य कारण’ यापलीकडे जाता येत नाही.

आणखी एक रकाना ‘उपचार दिले का’ असा करून पाहावा. गडचिरोलीत आरोग्यदूत सेप्सिस ओळखून त्यावर उपचार करत. उपचार सुरू होण्याआधी अशा आजारात १६.६ टक्के बाळे दगावत, नंतर २.८ टक्के. हे वाचून सगळे श्रेय प्रतिजैविकांना द्यावेसे वाटते. पण खालीच शिवगडची ओळ आहे. तिथे कार्यक्रम प्रतिबंधाचा होता आणि तरी मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. म्हणजे ऊब, स्वच्छता आणि स्तनपान यांचा वाटा मोठा असू शकतो. एकटा गडचिरोलीचा लेख कितीही वेळा वाचला तरी हे सुचले नसते. ते दोन ओळी शेजारी आल्यामुळे दिसते, आणि आढाव्याच्या प्रकरणात नेमके असेच वाक्य परीक्षक शोधत असतो.

ओळी वाढवताना एकच अभ्यास दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. गडचिरोलीच्या चाचणीवर २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ने खास पुरवणी काढली. त्यात याच गावांविषयीचे अनेक लेख आहेत आणि १९९३ ते २००३ या दहा वर्षांचा मृत्युदरही आहे. ग्रंथालयात तो अंक हाती आला तर सहजच बरेच फोटो निघतील आणि तक्त्यात तितक्या ओळी वाढतील. मग ‘बहुसंख्य अभ्यासांनी मोठी घट दाखवली’ असे वाक्य तयार होते, पण ते बहुमत एकाच चाचणीचे असते. ठिकाण, वर्षे आणि गावांची संख्या जुळली की त्या लेखांना एकच क्रमांक द्यावा आणि १-अ, १-आ अशा पोटओळी कराव्यात. मोजायचे ते अभ्यास, लेख नव्हेत.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे: गोषवारा स्वतःच कितपत विश्वासार्ह? रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच ‘जामा’ या नियतकालिकात याची तपासणी प्रसिद्ध केली. लॅन्सेटसह सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे त्यांनी मूळ लेखांशी ताडून पाहिले. गोषवाऱ्यातला एखादा आकडा लेखातल्या आकड्याशी न जुळणे किंवा लेखात तो सापडतच नसणे, असा दोष असलेल्या गोषवाऱ्यांचे प्रमाण नियतकालिकानुसार १८ ते ६८ टक्के निघाले. यात आपल्या फोटोच्या आणि यंत्राच्या चुका धरलेल्याच नाहीत. त्या वेगळ्या.

म्हणून फोटोंवरून भरलेला तक्ता हा कच्चा मसुदा समजावा. त्याचा उपयोग कोणते लेख पूर्ण मिळवायचे हे ठरवण्यासाठी. पन्नास गोषवाऱ्यांतून पिवळे खाने पाहून दहा-बारा लेख निवडावेत, ग्रंथपालाकडे किंवा विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गणीतून ते मागवावेत आणि प्रबंधात ज्यांचे आकडे येणार आहेत ते खाने मूळ लेखातल्या तक्त्यांवरून पुन्हा भरावेत. कुठल्या पृष्ठावरून कोणता आकडा घेतला तेही शेजारी लिहावे. एखादा लेख काही केल्या मिळाला नाही, तर त्या ओळीत ‘फक्त गोषवारा पाहिला’ अशी स्पष्ट नोंद ठेवावी आणि ती प्रबंधाच्या अंतिम प्रतीतही राहू द्यावी.